मलाही तेच हवंय

फोटोतल्या माणसाकडे तिने आधी पाहिलंच नाही. आधी दिसलं ते कोपर. दवाखान्यातली जेवणाची सुट्टी होती, आणि नेहमीसारखी ती कान तपासायच्या बंद खोलीत डबा उघडून बसली होती. त्या खोलीच्या भिंतींना आतून जाड स्पंज लावलेला, दार लावलं की स्वतःचं घास चावणंसुद्धा डोक्याच्या आत ऐकू यायचं. एका हाताने जेवत ती दुसऱ्या हाताने फोनवर, जोडी जुळवायच्या ॲपमधली माणसं सरकवत होती, डावीकडे, डावीकडे, जशी आपण डाळीतले खडे बाजूला सारतो. मग एका फोटोच्या उजव्या कडेला ते कोपर आलं. पिवळ्या बाहीतून बाहेर आलेलं, आणि त्यावर त्रिकोणी, गुळगुळीत, थोडा चकाकणारा डाग. अंगठा हवेतच राहिला. तो डाग तिच्यामुळे झाला होता. ती चौदा वर्षांची होती आणि धाकटी बहीण आठची. इस्त्री उभी करून ठेवत ती म्हणाली होती, "हात लावू नकोस हं," आणि फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेली होती. मैत्रिणीचा फोन होता. किंकाळी ऐकू आल्यावरसुद्धा तिने आधी "थांब गं जरा" म्हटलं होतं, आणि मगच ती धावली होती. जगातल्या कुठल्याही गर्दीत तिने ते कोपर ओळखलं असतं. फोटोतल्या माणसाने शेजारच्या बाईला कापून टाकलं होतं, आणि कापताना एवढंच राहून गेलं होतं.

मग तिने त्याला पाहिलं. कानावर पेन्सिल, गालाला हसताना पडलेली एक उभी रेघ, अंगात राखाडी सदरा. हा सुतारबुवा. धाकटी त्याला सुतारबुवाच म्हणायची, लाडाने, नाव घेतल्यासारखी. लोकांच्या घरात स्वयंपाकघरं आणि भिंतीतली कपाटं बसवून देण्याचा त्याचा व्यवसाय होता. तेरा महिने धाकटीच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं. सुतारबुवाला अमुक आवडतं, सुतारबुवाच्या भाच्याचा दात पडला, सुतारबुवा म्हणतो की कुठलीच भिंत सरळ नसते. "मग आण की एकदा घरी," असं ती म्हणाली की धाकटी पाण्यात बुडी मारावी तशी विषयाखाली जायची. "त्याला ते घरच्यांना भेटणं वगैरे जमत नाही गं ताई." आणि मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. धाकटी दोन पिशव्या घेऊन उभी होती. आत येऊन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "तो म्हणाला, मी तुझ्याबद्दल तसा विचारच कधी केला नाही." त्या सोफ्यावरून ती तेवीस दिवस उठली नाही. लहान मुलांना पोहायला शिकवणारी ही मुलगी, जिच्या अंगाला कायम तलावाच्या पाण्याचा औषधी वास यायचा, तिच्या अंगाला त्या तेवीस दिवसांत कुठलाच वास उरला नव्हता. आई लांबून फोनवर म्हणत होती, "सांभाळ तिला, मोठी आहेस तू." ती सांभाळत होती. भात कालवून पुढे ठेवत होती, आणि मनातल्या मनात एका न पाहिलेल्या माणसाला रोज वेगवेगळ्या तऱ्हेने मारत होती.

त्या रविवारला आता नऊ महिने झाले होते. धाकटी पुन्हा कामावर जायची, हसायचीसुद्धा, पण कुणीतरी तिचा आवाजच बारीक केल्यासारखी. आणि हा इथे होता, कानावर पेन्सिल लावून. फोटोखाली 'काय शोधताय?' अशी रांग होती. त्या रांगेत ॲप पाचसहा उत्तरं देतं, त्यातलं एक निवडायचं: कायमचं नातं, जमलं तर कायमचं, हलकंफुलकं, नवी ओळख. यातलं काहीही त्याने निवडलं नव्हतं. त्याने निवडलं होतं, 'अजून ठरवतोय'. तेरा महिने एक मुलगी वापरून झाली आणि साहेबांचं अजून ठरतच होतं. तिच्या कानशिलात काहीतरी तापलं. डब्याचं झाकण तिने इतक्या जोरात लावलं, की त्या बंद खोलीत तो आवाज भिंतींनी गिळून टाकला तरी तिच्या दातांना कळला. तिने त्याला उजवीकडे, पसंतीच्या बाजूला, सरकवलं.

तो तिला ओळखण्याची शक्यता नव्हती. दोघी बहिणी दिसायला निराळ्या, ती बापावर गेलेली, धाकटी आईवर. धाकटीने कधी फोटो दाखवला असेल, तर त्याने धड पाहिला नसणार; आणि पाहिला असेल तर तो विसरला असणार, या विचाराने तिला उलट अजून जोर आला. ॲपवर तिचं टोपणनाव होतं, कामाच्या जागी नुसतं 'दवाखाना' होतं. संध्याकाळी चारच्या सुमाराला, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानात श्रवणयंत्राचा साचा घेण्यासाठी मसाला भरत असताना, खिशात फोन थरथरला. जोडी जुळली होती.

आता पहिलं काम एकच, त्याला काय हवं आहे ते काढून घ्यायचं. त्यावर सगळं अवलंबून होतं. कायमचं हवं असेल तर काम सोपं होतं: द्यायचं, आणि भरल्या ताटावरून उठवावं तसं काढून घ्यायचं. हलकंफुलकं हवं असेल तर लांबचा रस्ता होता, आधी त्याला दुसरं काहीतरी हवंसं वाटायला लावायचं आणि मग. पण त्याला विचारलं जातंय असं वाटता कामा नये. ही गोष्ट तिला ठेच लागून कळली होती. नवऱ्यापासून वेगळी होऊन वर्षभराने ती पहिल्यांदा या ॲपवर आली, तेव्हा एका बऱ्या वाटणाऱ्या इतिहासाच्या शिक्षकाला तिने तिसऱ्याच निरोपात विचारलं होतं, "तुमचा विचार नक्की काय आहे? मला वेळ घालवायचा नाही." शिक्षक त्या क्षणी जे गेले ते गेले. दुसरा एक घाबरून "कायमचंच, कायमचंच" म्हणाला आणि दोन भेटींत आटोपला. समोरून सरळ विचारलं की माणूस एकतर पळतो नाहीतर तुम्हाला हवं ते बोलतो, हे तिला खरं तर त्याआधीच माहीत असायला हवं होतं. तिचं पोटच त्यावर होतं. ऐकू येतं का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. बायकोच्या हाका तीन वर्षं न ऐकलेले म्हातारे छाती काढून हो म्हणतात. म्हणून विचारायचंच नसतं. कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं, आणि सहज ऐकू जाईल असा आवाज सोडायचा. मग दहा पायऱ्या खाली. मग आणखी दहा. बटण थांबलं की पाच वर. आवाज ठरावीक अंतराने सोडायचे नाहीत, नाहीतर माणूस अंदाजाने दाबतो. आणि आपला चेहरा काचेतून दिसू द्यायचा नाही, नाहीतर तो चेहरा वाचून दाबतो.

ॲपवरही ती हळूहळू तसंच करायला शिकली होती. पुढचं विचारायचं नाही, मागचं विचारायचं: इथे येऊन किती दिवस झाले, कशाचा कंटाळा आला. मागचं सांगताना माणूस पुढचं आपोआप सांगून टाकतो. आपलं आधी सांगायचं, एका ओळीत, ओझं न टाकता, आणि दार उघडं ठेवून बाजूला व्हायचं. भेट कधीची ठरवतो ते पाहायचं. नेहमी आजचीच, अंधार पडल्यावरची, त्याच्याच घराजवळची, की चार दिवसांनंतरची, उजेडातली. पुढच्या महिन्यातली एखादी गोष्ट, प्रदर्शन, सहल, काहीही, सहज बोलण्यात टाकायची आणि तो ती उचलतो की ओलांडून जातो ते बघायचं. एका खुणेवरून काही ठरवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलंही उत्तर चालेल असा सूर ठेवायचा, म्हणजे खोटं बोलायची त्याला गरजच पडत नाही.

तिने लिहिलं, "'अजून ठरवतोय' म्हणजे साधारण किती टक्के ठरलंय?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "चाळीस. आजचा दिवस बरा गेला म्हणून. काल पंचवीस होतं."

आवडलं तिला ते. आवडलं याचाच राग आला. तिने लिहिलं, "मी इथे तीन वर्षं येऊनजाऊन आहे. घाई नाही, पण डोळे मिटूनही चालत नाही. तुम्हाला इथे कशाचा कंटाळा आला आतापर्यंत?"

या वेळी बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले, थांबले, पुन्हा हलले. मग आलं: "न बोलता समजून घेण्याचा. म्हणून आता आधीच सांगून टाकतो. सध्या कुणाच्या आयुष्यात कायमचं शिरायची माझी तयारी नाही. भेटायला, गप्पा मारायला, हिंडायला आवडेल, आणि त्यात फसवाफसवी नाही. तुम्हाला याहून जास्त हवं असेल तर तसं सांगा, राग नाही, तुमचा वेळ खाणार नाही."

ते तिने दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून वाचलं, तीनदा. किती नीट लिहिलं होतं. किती सभ्य, किती इस्त्रीचं. हे एवढं स्वच्छ लिहिता येतं तर माझ्या बहिणीच्या वेळी हात मोडला होता का तुझा? की तिच्यावर शिकलास? तिच्या अंगावर कापून कापून हात बसवलास, आणि आता दुसऱ्यांना सरळ फळ्या देतोस? खालून केरवाली मावशी वर येत होती, "सरका हो बाई," म्हणाली, आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. फार विचार न करता तिने टाइप केलं: "मलाही तेच हवंय."

पहिली भेट चार दिवसांनी, शनिवारी दुपारी तीनला, एका पुलाजवळच्या कॉफीच्या दुकानात. ती जागा आणि वेळ त्यानेच सुचवली. ती वीस मिनिटं आधी जाऊन समोरच्या चपलांच्या दुकानात उभी राहिली, त्याला येताना पाहायला. तो आला, दारातल्या पायपुसण्याला बूट नीट पुसले, आणि खुर्ची ओढण्याआधी टेबल हलतंय का ते तळव्याने दाबून पाहिलं. मग खिशातून जाड कागद काढला, घडी केली आणि एका पायाखाली सरकवली. तिला वाटलं होतं दुष्ट माणूस कसा दिसतो ते आता कळेल. आत जाऊन ती बसली तेव्हा टेबल हलत नव्हतं. आपण दवाखान्यात नाव नोंदवायच्या टेबलावर असतो, असं तिने सांगितलं. धाकटीने ताईचं काम कधी बोलून दाखवलं असलं तर पंचाईत नको. तो म्हणाला, "म्हणजे लोक पहिलं खोटं तुमच्याशीच बोलत असतील. वय."

असे शनिवार सुरू झाले. घरी ती सांगायची, दवाखान्यात आता शनिवारी दुपारचंही काम लागतं. धाकटी मान हलवायची. धाकटीला काही विचारायची ताकद त्या दिवसांत नव्हती, आणि ते तिच्या पथ्यावर पडलं. प्रत्येक भेटीनंतर घरी चालत येताना ती मनात आलेख काढायची, दवाखान्यात काढतात तसा, उतरत जाणारी रेघ. तिसऱ्या शनिवारी त्याने विचारलं, "पुढच्या महिन्यात नदीपलीकडे जुन्या हत्यारांचा बाजार भरतो, येशील?" पुढच्या महिन्यात. दहा पायऱ्या खाली, आणि बटण दाबलं गेलं होतं. चौथ्या शनिवारी स्वतःच्या आजारी बहिणीबद्दल बोलता बोलता त्याचा आवाज कापरा झाला, आणि त्याने तो लपवला नाही. सहाव्या शनिवारी त्याने तिला आपली कार्यशाळा दाखवली. लाकडाचा भुसा, डिंक, भिंतीवर मापांच्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर 'बाईंना उंच कपाट नको, खांदा दुखतो'. तिथे त्याने तिचा हात धरला, किंवा तिने त्याचा धरू दिला. त्याच्या तळव्याला घट्टे होते. तिला धाकटी आठवली, याच घट्ट्यांबद्दल ती किती बोलायची, आणि एक थंड, गोड, वाईट समाधान तिच्या पोटात पसरलं: येतोय. हा येतोय. तुला कळतही नाहीये आणि तू पायरी पायरी उतरतोयस, राजा. त्या रात्री मात्र तिला स्वतःच्या केसांत लाकडाचा वास आला आणि तिने तो लगेच धुतला नाही. ते तिने आलेखात धरलं नाही.

"तुझं स्वयंपाकघर मी अजून पाहिलं नाही," आठव्या शनिवारी तो म्हणाला.

"त्यात पाहण्यासारखं काय?"

"माझा धंदाच आहे तो. माणूस भांडी कुठे ठेवतो त्यावरून कळतं."

"काय कळतं?"

"राहणार आहे की जाणार आहे."

ती हसली आणि म्हणाली, "मला ते घरी बोलावणं वगैरे जमत नाही रे." बोलल्यावर तिला ते वाक्य ओळखीचं वाटलं, आणि ते तोंडात किती सहज बसतं याची गंमत वाटली. कॉफीच्या पेल्याची कड त्याने बोटाने पुसली, पुसून झाल्यावरही पुसत राहिला. तिने पाहिलं की त्याला लागलं. असं लागताना तिने धाकटीला पाहिलं नव्हतं, धाकटी लागून झाल्यावर तिच्या दारात आली होती. पण साधारण असंच लागलं असेल, पहिल्यांदा, बारीकसं, ज्याच्याकडे दुर्लक्ष करता येतं असं.

अकराव्या शनिवारी ऊन लख्ख होतं. दुकानात त्यांच्याशिवाय एक बाई आणि तिचं झोपलेलं बाळ एवढंच होतं, म्हणून दोघं हळू बोलत होते. तो आज पेन्सिल घरी विसरला होता, आणि कानामागे हात नेऊन दोनदा मोकळा परत आणला.

"एक बोलू? उत्तर आज दिलंच पाहिजे असं नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला मी तुला जे लिहिलं होतं, ते माझ्यापुरतं आता तसं राहिलेलं नाही. केव्हा बदललं ते मलाही नेमकं माहीत नाही. तुझं तुझ्या जागी तसंच असेल तर तेही ठीक आहे, मी तोंड पाडून बसणार नाही. फक्त जुन्या उत्तरावर चालत राहायचं नाही, म्हणून विचारतोय. अजून तसंच आहे का?"

एखाद्याने इतकं चांगलं विचारावं. आपलं आधी ठेवलं, दार उघडं सोडलं, बाजूला झाला. तिने स्वतः सुद्धा याहून हलक्या हाताने विचारलं नसतं. क्षणभर तिच्या आतल्या कुठल्याशा बाईने तोंड उघडलं, जिला भुशाचा वास आवडत होता, जिला शुक्रवारपासूनच शनिवार लागायचा. तिला तिने तिथल्या तिथे गप्प केलं. नऊ महिने आणि अकरा आठवडे ज्या वाक्याला ती धार लावत होती, ते तिने सावकाश, हसून, बाळ उठणार नाही इतक्या हळू आवाजात उच्चारलं.

"मी तुझ्याबद्दल तसा विचारच कधी केला नाही."

तिला वाटलं होतं तो चिडेल, किंवा रडवेला होईल. तो नुसता थांबला. चालताना पायाखालची फळी पोकळ लागावी तसा. मग म्हणाला, "हे वाक्य मी कुणालातरी म्हणालो होतो."

"माझ्या बहिणीला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, चेहऱ्यात दुसरा चेहरा शोधत, आणि तो तिथे नव्हताच. "तू ताई," तो शेवटी म्हणाला.

"हो. मी ताई. तेवीस दिवस तिला भरवलंय मी. तू फोटोतून तिला कापलंस ना, तिचं कोपर राहिलंय. ते तरी नीट कापायचं होतंस." आवाज चढला होता. बाळाच्या आईने वळून पाहिलं. ताईला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. "आता कळलं कसं वाटतं? तेरा महिने, सुतारबुवा. एकदा तरी विचारायचं होतंस तिला, काय हवंय म्हणून. मला कसं छान विचारलंस!"

"विचारलं होतं," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"पहिल्याच आठवड्यात. तुला लिहिलं होतं जवळजवळ तेच. तिने लिहिलं, मलाही तेच हवंय."

दुकानातलं कॉफीचं यंत्र फुसफुसत होतं ते थांबलं. तिला एकदम जिन्यातली ती भिंत आठवली, पाठीला लागलेली, आणि आपला अंगठा. खोटं टाइप करायला किती सेकंद लागले होते? धाकटीलाही तेवढेच लागले असतील. फरक इतकाच की तिने त्याला मारायला लिहिलं होतं, आणि धाकटीने जवळ राहता यावं म्हणून. धाकटीने घरी हे कधी सांगितलंच नव्हतं. तेवीस दिवसांत नाही, नंतरच्या जवळजवळ वर्षभरात नाही. तिच्या रागाच्या बुडाशी जी एक फरशी होती, तीच कुणीतरी हलवली, आणि राग पडला नाही, तो नुसता दुसरीकडे पाय ठेवायला जागा शोधू लागला. ती सापडली.

"आणि मग? तेरा महिन्यांत कळलं नाही तुला? ती तुझ्या भाच्याचे दात मोजत होती. ते हलकंफुलकं वाटलं?"

तो पेल्याची कड बोटाने पुसू लागला.

"मी विचारतेय."

"कळलं होतं," तो म्हणाला. "पाचव्या सहाव्या महिन्यात. ती पुढच्या वर्षाचं काहीतरी बोलायची आणि मधेच थांबायची, माझ्याकडे बघून. ऐकू येत होतं मला सगळं."

"मग परत का नाही विचारलंस?"

"उत्तर माहीत होतं म्हणून. विचारलं असतं तर एकतर राहायला लागलं असतं नाहीतर निघायला. तिचं पहिलं उत्तर माझ्या सोयीचं होतं. मी त्याच्यावरच बसून राहिलो." तो खाली पाहत होता. "आणि शेवटी तिने विचारलं तेव्हा मी असं दाखवलं की मला हे आजच कळतंय. ते वाक्य त्यासाठी होतं. तसा विचार मी शंभरदा केला होता."

ती उठली. पर्स घेतली, खुर्ची आत सरकवली; का सरकवली कुणास ठाऊक. तो म्हणाला, "तिला सांगशील? की तिचा भास नव्हता?" ती दाराकडे वळली. पुलावर वारा होता आणि ती भराभर चालत होती, जिंकून आलेल्या माणसासारखी, आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं की काहीतरी घ्यायचं राहिलं.

घरी धाकटी नुकतीच तलावावरून आली होती. ओले केस, टॉवेल खांद्यावर, ओट्यापाशी उभी राहून मिठाच्या बरणीत मीठ भरत होती. उन्हाची तिरीप तिच्या मानेवर होती. ताई दारातच उभी राहिली आणि चपलासुद्धा न काढता म्हणाली, "तू सुतारबुवाला सुरुवातीला काय लिहिलं होतंस?"

मीठ थोडं बाहेर सांडलं. "का?"

"सांग ना."

"तू त्याला भेटलीस?" धाकटी वळली. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते पाहताना ताईला तिथून पळून जावंसं वाटलं. "कधी? शनिवारी? तू शनिवारी जात होतीस ती…"

"तुझ्यासाठी गेले होते. त्याला तेच दाखवायला. दाखवलं मी. जे तुला म्हणाला ते मी आज त्याला म्हणून आले, शब्दाला शब्द."

"किती दिवस?"

"अकरा आठवडे."

"माझ्यासाठी अकरा आठवडे?" धाकटीचा आवाज बारीक नव्हता आता. जवळजवळ वर्षभरात पहिल्यांदाच तो पूर्ण होता. "पहिल्या दिवशी बोलून मोकळी झाली असतीस तर माझ्यासाठी. अकरा आठवडे तू काय करत होतीस गं?"

ताईने उलटंच विचारलं, "तू माझ्याशी खोटं का बोललीस? त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं तुला."

धाकटी सांडलेलं मीठ तळव्याने गोळा करू लागली. दाणे ओट्याच्या फटीत जात होते. "खरं लिहिलं असतं तर तो गेला असता," ती म्हणाली. "वाटलं, राहू दे थोडे दिवस, मग होईल त्याचं मत. आणि मग तुला काय सांगणार? की मीच म्हटलं होतं मला काही नको म्हणून? तू म्हणाली असतीस, मग रडतेस कशाला." ती तसं म्हणाली असती का, याचा ताईने विचार केला. म्हणाली असती. पहिले दोनतीन दिवस नाही, पण चौथ्या दिवशी नक्की.

खिशात फोन थरथरला. तिने पाहिलं. त्याचाच निरोप होता, लांबलचक, आणि पहिली ओळ वरच दिसत होती: 'हे तिला वाचून दाखव, तुझ्यावर सोडतो. मला माहीत होतं. पहिल्या थंडीपासून माहीत होतं, आणि…' पुढचं उघडावं लागलं असतं. तिने फोन उलटा धरला.

मीठ बरणीत न टाकता धाकटीने ते बेसिनमध्ये झटकलं. नळ सोडला, बंद केला. पाठ तिच्याकडे ठेवूनच, फार सावध, जणू ज्याचं उत्तर काहीही आलं तरी आपल्याला चालणार आहे अशा सुरात, तिने विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

ताईने तो सूर ओळखला. घराघरांत आणि फोनाफोनांत माणसं ज्या सुरात विचारतात तोच तो, सगळं पणाला लावून काहीच न लावल्यासारखा. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं हे तिला स्वच्छ दिसलं. धाकटीचा भास नव्हता हे धाकटीला कळलं असतं. आणि मग ती रात्रभर तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत बसली असती, आणि चार दिवसांनी एक ओळ लिहिली असती त्याला, साधीशीच. आणि तो, आता शहाणा झालेला, नीट विचारायला शिकलेला, बहिणीच्या जिवावर शिकलेला आणि ताईच्या शनिवारांत पक्का झालेला, नीट उत्तर देऊ लागला असता. ते शहाणपण त्याने धाकटीला द्यावं हे तिला सहन होणार नव्हतं. दुसऱ्या कुणाला द्यावं हेही नाही. यातलं कुठलं कारण बहिणीसाठी होतं आणि कुठलं नव्हतं, ते वेगळं काढायला तिने वेळ घेतला नाही.

"नाही," ती म्हणाली. "तुझा विषयच काढला नाही त्याने."

"नक्की?"

"मी सांगितल्यावर आठवलीस त्याला."

धाकटीने दोनदा मान हलवली. टॉवेलने केस पुसायला लागली, जोरजोरात, चेहरा झाकला जाईल असं, आणि टॉवेलच्या आतून म्हणाली, "मग बरंच झालं." ती बाहेरच्या खोलीत गेली. सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

ओट्याला टेकून ताईने ॲप उघडलं. निरोप न वाचता कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि 'जोडी मोडा' वर दाबलं. खात्री आहे का, असं ॲपने विचारलं. दोघांचंही सगळं संभाषण कायमचं पुसलं जाईल, असंही बारीक अक्षरांत सांगितलं. आतून काही आवाज येत नव्हता. रडण्याचाही नाही. तिने 'हो' दाबलं, आणि फोन हातात तसाच धरून, चपला घातलेल्या पायांनी, आत जायचं धैर्य गोळा करत उभी राहिली.